लेथवरून उतरलेल्या शाफ्टची खरी सहनमर्यादा कशी काढावी

फिरणाऱ्या शाफ्टवर बाजूने भार आला की त्याच्या पृष्ठभागावरचा प्रत्येक बिंदू दर फेऱ्याला एकदा ताणला जातो आणि एकदा दाबला जातो. मोटर १४४० फेरे प्रतिमिनिट फिरत असेल, तर दहा लाख आवर्तने साडेअकरा तासांत पूर्ण होतात, म्हणजे जेमतेम दीड पाळीत. त्यामुळे अशा शाफ्टच्या बाबतीत तो किती आवर्तने टिकेल असे विचारण्यात फारसा अर्थ नसतो. कोणत्या प्रतिबलाखाली तो कितीही फिरला तरी तुटणार नाही, हे काढावे लागते. पोलादाच्या बाबतीत असा एक आकडा मिळतो आणि त्यालाच एन्ड्युरन्स लिमिट किंवा सहनमर्यादा म्हणतात.

नवीन डिझायनर येथेच पहिली चूक करतो. पोलादाची सहनमर्यादा ताणसामर्थ्याच्या निम्मी असते हे त्याने शिकलेले असते आणि तो निम्मा आकडा तसाच उचलून हिशेबात घालतो. तो आकडा मात्र त्याच्या शाफ्टचा नसतो. प्रयोगशाळेतल्या फिरत्या वाकण-चाचणीत वापरतात त्या, सुमारे ७.६ मिमी व्यासाच्या, आरशासारखी पॉलिश केलेल्या नमुन्याचा तो आकडा असतो, आणि तोही सरासरीने काढलेला. आपला जॉब मोठा असतो, त्यावर टूलचे चरे असतात, आणि निम्मे शाफ्ट तुटले तरी चालतील असे कोणताही ग्राहक म्हणत नाही. या तीन फरकांसाठी तीन गुणक आहेत. एकच शाफ्ट शेवटपर्यंत हाताशी धरून आपण ते काढू.

उदाहरणाचा शाफ्ट

ब्लोअरचा शाफ्ट ईएन-८ पोलादाचा आहे. बेअरिंगजवळ ५० मिमीवरून ४० मिमीवर उतरणारी पायरी आहे आणि पायरीच्या कोपऱ्यात २ मिमी त्रिज्येचा फिलेट आहे. सगळा शाफ्ट लेथवर टर्न केलेला आहे, ग्राइंडिंग केलेले नाही. पायरीपाशी वाकवणारा आघूर्ण, म्हणजे बेंडिंग मोमेंट, ४०० न्यूटन-मीटर आहे. तापमान नेहमीचे आहे. हिशेब सोपा राहावा म्हणून पीळ, म्हणजे टॉर्क, येथे बाजूला ठेवला आहे.

पहिली पायरी: ताणसामर्थ्य आणि नमुन्याची सहनमर्यादा

ताणसामर्थ्य कॅटलॉगमधून उचलू नये. ईएन-८ या एकाच नावाखाली नॉर्मलाइझ केलेला माल येतो आणि पाणी दिलेलाही येतो, आणि दोघांच्या सामर्थ्यात मोठा फरक असतो. हातात मालाचे प्रमाणपत्र नसेल, तर ब्रिनेल कडकपणा मोजावा आणि त्याला ३.४ ने गुणावे. साध्या आणि मिश्र पोलादांसाठी मेगापास्कलमध्ये पुरेसा विश्वासार्ह अंदाज मिळतो. आपल्या शाफ्टचा कडकपणा १८० आला आहे, म्हणून ताणसामर्थ्य सुमारे ६१० मेगापास्कल आणि नमुन्याची सहनमर्यादा त्याच्या निम्मी, म्हणजे ३०५ मेगापास्कल धरू.

हा निम्मेपणा पोलादापुरता आहे, आणि तोही ताणसामर्थ्य सुमारे १४०० मेगापास्कल होईपर्यंत. त्यापुढे सहनमर्यादा ७०० वरच धरतात. ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूंना अशी पक्की मर्यादा नसते. राखाडी बिडाच्या तक्त्यांत जी सहनमर्यादा छापलेली असते, तिच्यात पृष्ठभाग आणि आकार यांचा परिणाम बहुधा आधीच धरलेला असतो, म्हणून तिला पुन्हा त्याच गुणकांनी कमी केले तर एकच वजावट दोनदा होते.

दुसरी पायरी: पृष्ठभागाचा गुणक

वाकताना सर्वांत जास्त प्रतिबल पृष्ठभागावर असते आणि फटीगची, म्हणजे पुन्हापुन्हा उलटणाऱ्या प्रतिबलाने पडणारी, चीरही बहुधा तेथूनच निघते. टर्निंगमध्ये टूल जे बारीक चरे सोडते ते शाफ्टभोवती गोल फिरलेले असतात, आणि वाकण्याचे प्रतिबल शाफ्टच्या लांबीच्या दिशेने चालते. म्हणजे प्रत्येक चरा प्रतिबलाला बरोबर आडवा पडतो. चीर सुरू होण्यासाठी याहून सोयीची मांडणी नाही. याशिवाय टूलच्या रेट्याने वरच्या थरात ताण उरतात, आणि फोर्जिंगच्या काळ्या कातडीखाली भट्टीतल्या उष्णतेने कार्बन जळून गेलेला मऊ थर असतो. हे सगळे मिळून या गुणकात येते.

प्रचलित सूत्र असे आहे. यात `Sut` हे मेगापास्कलमधले ताणसामर्थ्य आहे:

```
ka = a * Sut^b
ground       a = 1.58   b = -0.085
machined     a = 4.51   b = -0.265
hot-rolled   a = 57.7   b = -0.718
as-forged    a = 272    b = -0.995
```

आपला शाफ्ट टर्न केलेला असल्यामुळे दुसरी ओळ लागू होते. ६१० चा घात काढला की गुणक ०.८२४ येतो. तोच शाफ्ट ग्राइंड केला असता तर ०.९१६ आला असता, आणि काळ्या रोल्ड बारचा पृष्ठभाग तसाच ठेवला असता तर ०.५७७.

या तक्त्यात घातांक ऋण आहे, आणि त्याचा अर्थ नीट समजून घेण्यासारखा आहे. पोलाद जितके ताकदवान, तितका पृष्ठभागाचा गुणक खाली जातो. मऊ पोलाद चऱ्याच्या तळाशी थोडे सरकते आणि तेथले प्रतिबल बोथट होते. कडक पोलादाला ती सवलत नसते. फोर्जिंगच्या ओळीत घातांक जवळजवळ वजा एक आहे. म्हणजे ताणसामर्थ्य दुप्पट केले की गुणक निम्मा होतो आणि दोघांचा गुणाकार होता तेथेच राहतो.

हे मी कागदावर शिकलो नाही. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका कारखान्यातला फोर्ज केलेला शाफ्ट मधल्या काळ्या भागात तुटून आमच्याकडे आला. फक्त बेअरिंगच्या जागा टर्न केलेल्या होत्या, बाकीची कातडी भट्टीतून आली तशीच होती. तुटलेल्या तोंडावर ओल्या वाळूवर लाटांनी सोडाव्यात तशा कमानी स्पष्ट दिसत होत्या, आणि त्या सगळ्या कमानी काठावरच्या एका खवल्याकडे वळलेल्या होत्या. आम्ही पोलाद बदलले, ईएन-८ ऐवजी ईएन-२४ घातले, किंमतही जास्त मोजली. कातडी तशीच ठेवली. नवा शाफ्ट काही महिन्यांत तशाच कमानी घेऊन परत आला.

त्या वेळी हा हिशेब कोणी केला असता, तर पैसे वाचले असते. तुलना समान असावी म्हणून ४० मिमी व्यास आणि पुढे येणारे आकाराचे व विश्वासार्हतेचे गुणक दोन्हींना सारखेच धरतो. ६१० मेगापास्कलच्या ईएन-८ ची काळ्या फोर्जिंगमधली खरी सहनमर्यादा ९६ मेगापास्कल येते. १००० मेगापास्कलच्या ईएन-२४ ची किती येते? तीही ९६. आता दोन्ही शाफ्ट टर्न केले असे धरा: ईएन-८ ला १७१ आणि ईएन-२४ ला २४६ मिळतात. म्हणून महाग पोलादाचा विचार करण्याआधी लेथवरचा एक कट आणि थोडे ग्राइंडिंग यांचा खर्च विचारावा, असे मी प्रत्येक नवशिक्याला सांगतो.

येथे एक सावधगिरी. हे स्थिरांक जुन्या चाचण्यांवरून बसवलेले आहेत आणि त्या चाचण्यांचे निकाल बरेच विखुरलेले होते. काही नव्या तक्त्यांत हेच स्थिरांक थोडे वेगळे दिसतील. एका हिशेबात एकच तक्ता वापरावा आणि दोन तक्त्यांतल्या ओळींची सरमिसळ करू नये. मशिन केलेल्या पृष्ठभागासाठी ही एकच ओळ आहे, पण बोथट टिपने ओढलेला खरखरीत कट आणि धारदार टिपने कमी फीडवर घेतलेला फिनिशिंग कट या दोन्हींना ती सारखेच मोजते. तो फरक तक्ता दाखवत नाही, तो जॉब हातात घेऊनच पाहावा लागतो. फिलेटवरून नख शाफ्टच्या लांबीच्या दिशेने फिरवावे. नख अडखळले, तर तो फिलेट परत करून घ्यावा. टूल सरळ भागात व्यवस्थित चालते आणि कोपऱ्यात वळताना थरथरते, असे अनेकदा होते. त्यामुळे प्रतिबल जेथे सर्वाधिक, तेथेच पृष्ठभाग सर्वांत वाईट निघतो.

ग्राइंडिंगचा गुणक ०.९१६ असला तरी तो चांगल्या ग्राइंडिंगचा आहे. चाकाची धार गेली असेल किंवा कूलंट कमी पडला असेल, तर पृष्ठभाग जळतो, वरच्या थरात ताणाची प्रतिबले उरतात आणि शाफ्ट टर्न केलेल्याहून लवकर तुटू शकतो. निळसर-तपकिरी छटा दिसली तर शंका घ्यावी. मात्र शेवटच्या हलक्या कटात ही छटा पुसली जाते आणि जळलेला थर खाली तसाच राहतो, म्हणून महत्त्वाच्या जॉबवर सौम्य नायट्रिक आम्ल आणि अल्कोहोलच्या द्रावणाने एचिंग करून तपासतात.

तिसरी पायरी: आकाराचा गुणक

मोठ्या शाफ्टमध्ये जास्त प्रतिबलाखाली येणारा धातू जास्त असतो, आणि जितका धातू जास्त, तितकी त्यात एखादी कमजोर जागा असण्याची शक्यता जास्त. शिवाय बारीक नमुन्यात पृष्ठभागापासून आत गेले की प्रतिबल झपाट्याने उतरते, तर जाड शाफ्टमध्ये ते हळू उतरते; त्यामुळे सुरू झालेली चीर जास्त खोलीपर्यंत उच्च प्रतिबलातच वाढत राहते.

फिरत्या गोल शाफ्टसाठी, वाकण्याच्या किंवा पिळाच्या भाराखाली, सूत्र असे आहे. `d` मिलीमीटरमध्ये घ्यावा:

```
kb = 1.24 * d^-0.107    2.79 <= d <= 51
kb = 1.51 * d^-0.157    51 < d <= 254
```

आपल्या ४० मिमीसाठी गुणक ०.८३६ येतो. व्यास १० मिमी असता तर ०.९६९, आणि १०० मिमी असता तर ०.७३३. आपल्याकडच्या काही पाठ्यपुस्तकांत ७.५ ते ५० मिमीपर्यंत सरसकट ०.८५ आणि त्यापुढे ०.७५ असे धरतात. परीक्षेसाठी ते चालते. पण ५० वरून ५१ मिमीवर गेल्याने शाफ्टची सहनमर्यादा एकदम घसरत नाही, ती सूत्रातल्यासारखी हळूहळू उतरते. म्हणून खऱ्या जॉबला सूत्र वापरावे.

हा गुणक पाहून काही नवीन मुले व्यास वाढवायला बिचकतात. ती भीती अनाठायी आहे. ४० चा शाफ्ट ४५ चा केला, तर गुणक ०.८३६ वरून ०.८२५ वर येतो, म्हणजे सव्वा टक्क्याच्या आसपास घट. वाकण्याचे प्रतिबल मात्र व्यासाच्या घनाच्या प्रमाणात उतरते आणि ते जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी होते.

तीन जागी लोक चुकतात. पायरीच्या शाफ्टमध्ये व्यास लहान बाजूचा घ्यायचा असतो, ज्या बारमधून जॉब काढला तिचा नाही. भार फक्त ओढण्या-दाबण्याचा असेल तर सगळ्या छेदावर प्रतिबल सारखेच असते, म्हणून आकाराचा गुणक १ धरतात. अशा भारासाठी वेगळा, सुमारे ०.८५ चा, भार-गुणक असतो. आणि शाफ्ट फिरत नसून एकाच प्रतलात मागेपुढे वाकत असेल, तर त्याच्या घेराचा थोडाच भाग पूर्ण प्रतिबलाखाली येतो. तेव्हा सूत्रात व्यासाऐवजी ०.३७ पट व्यास घालावा.

जाडीचा आणखी एक परिणाम आहे, आणि तो या गुणकात येत नाही. पाणी दिलेल्या पोलादात जाड बारच्या गाभ्यापर्यंत कडकपणा पोहोचत नाही, म्हणून त्याच ग्रेडच्या १०० मिमी बारचे ताणसामर्थ्य २० मिमी बारपेक्षा कमी भरते. ही घट पहिल्या पायरीतल्या ताणसामर्थ्याच्या आकड्यात धरायची असते. म्हणूनच कडकपणा प्रत्यक्ष जॉबवर मोजावा. सोबत आलेल्या बारीक चाचणी-तुकड्याचा आकडा पुरेसा नसतो.

चौथी पायरी: विश्वासार्हतेचा गुणक

पृष्ठभाग आणि आकार धरून आपल्या शाफ्टची सहनमर्यादा ३०५ × ०.८२४ × ०.८३६, म्हणजे सुमारे २१० मेगापास्कल झाली. पण ही सरासरी आहे. असे शंभर शाफ्ट केले, तर ढोबळपणे पन्नास शाफ्टची मर्यादा २१० च्या वर असेल आणि पन्नासांची खाली. पोलादांच्या चाचण्यांत सहनमर्यादेचे प्रमाणविचलन सरासरीच्या सुमारे ८ टक्के धरतात. आपल्याकडे ते १७ मेगापास्कलच्या आसपास होते. ९९ टक्के शाफ्ट ज्या आकड्याच्या वर असतील तो हवा असेल, तर सरासरीतून २.३२६ प्रमाणविचलने वजा करावी लागतात, आणि २१० मधून ३९ गेले की १७१ उरतात. हीच वजाबाकी गुणकाच्या रूपात मांडली की ०.८१४ मिळतो. सूत्रातला `z` म्हणजे वजा केलेल्या प्रमाणविचलनांची संख्या:

```
ke = 1 - 0.08 * z
50%     1.000
90%     0.897
99%     0.814
99.9%   0.753
```

९९.९ टक्के मागितले, तर आपल्या शाफ्टची मर्यादा १५८ मेगापास्कलवर येते. किती टक्के घ्यायचे हे शाफ्ट तुटल्यावर काय होईल यावरून ठरवावे. पंखा बंद पडून दोन तासांत नवा शाफ्ट बसणार असेल तर ९० सुद्धा पुरतात. लिफ्टच्या शाफ्टखाली माणसे असतात, तेथे ९९.९ च्या खाली जाऊ नये असे माझे मत आहे, आणि जेथे लागू मानक असेल तेथे ते मानकच पाळावे.

या गुणकाचा अर्थ फार जण चुकीचा लावतात. तो केवळ पोलादाच्या सामर्थ्यातल्या विखुरलेपणासाठी आहे. भार अंदाजापेक्षा जास्त आला, बेअरिंग वाकडे बसले, पट्टा गरजेपेक्षा जास्त ताणला, यांपैकी काहीही त्यात नाही. त्यासाठी सुरक्षा गुणक वेगळा ठेवावा लागतो. तसेच पहिल्या पायरीत प्रमाणपत्रातले किमान हमीचे ताणसामर्थ्य घेतले असेल, तर काही सावधगिरी तेथेच आलेली असते. हे गणनेच्या कागदावर लिहून ठेवावे, म्हणजे पुढचा माणूस त्यावर आणखी एक वजावट चढवणार नाही.

पाचवी पायरी: प्रतिबलाशी तुलना

```
Se = 0.824 * 0.836 * 0.814 * 305 = 171 MPa
```

आता दुसरी बाजू. ४० मिमी शाफ्टवर ४०० न्यूटन-मीटरचा मोमेंट म्हणजे ६४ मेगापास्कल प्रतिबल. २ मिमीच्या फिलेटमुळे तक्त्यानुसार प्रतिबल सुमारे १.९ पट एकवटते. मात्र या पोलादाची खाचेबद्दलची संवेदनशीलता सुमारे ०.८ असल्यामुळे फटीगच्या हिशेबात ती वाढ १.७२ पट भरते. म्हणजे फिलेटच्या तळाशी १०९ मेगापास्कल.

नमुन्याचे ३०५ तसेच वापरले असते, तर सुरक्षा गुणक २.८ दिसला असता आणि शाफ्ट निर्धास्तपणे पुढे गेला असता. खऱ्या १७१ वर तो १.५७ आहे. भार नीट माहीत असलेल्या ब्लोअरला हा पुरेसा आहे. पण पंख्याची पाती धुळीने असमतोल होणार असतील, तर मी यावर समाधान मानणार नाही, आणि सर्वांत आधी फिलेटची त्रिज्या वाढवता येते का हे पाहीन.

हे तिन्ही गुणक कोरड्या, न गंजणाऱ्या परिस्थितीसाठी आहेत. शाफ्टवर पाणी किंवा खारी हवा सतत येत असेल, तर पोलादालाही खालची पक्की मर्यादा उरत नाही आणि आवर्तनांबरोबर सामर्थ्य उतरतच जाते. तेथे आधी सील किंवा लेप यांची सोय करावी लागते. क्रोम प्लेटिंगने गंज थांबतो पण फटीगचे सामर्थ्य कमी होते, कारण प्लेटिंगच्या थरात ताणाची प्रतिबले आणि बारीक भेगा असतात. याउलट शॉट पीनिंगने किंवा फिलेटवर रोलर दाबून फिरवल्याने वरच्या थरात दाबाची प्रतिबले बसतात आणि सहनमर्यादा वाढते. मात्र ती वाढ चाचणीने सिद्ध झाल्याखेरीज हिशेबात धरू नये.

हिशेब संपला की ड्रॉइंगवर तीन गोष्टी लिहाव्यात. पायरीच्या कोपऱ्यासाठी नुसते आर २ न लिहिता आर २ किमान असे लिहावे, कारण बेअरिंग पक्के टेकावे म्हणून फिटर कोपरा आणखी खणतो असे मी पाहिले आहे. त्या वेळी बेअरिंगच्या कोपऱ्याची त्रिज्या शाफ्टच्या फिलेटपेक्षा मोठी आहे ना, हेही तपासावे. फिलेटवर टूलचा आडवा चरा नसावा, शेवटचे पॉलिशिंग एमरीने लांबीच्या दिशेने करावे, अशी टीप द्यावी. आणि हिशेब ज्या कडकपणावर केला तो आकडा, आपल्या बाबतीत किमान १८० ब्रिनेल, मटेरियलच्या नावाशेजारी लिहावा, म्हणजे स्टोअरमध्ये दुसऱ्या लॉटची बार आली तर तपासणाऱ्याला ती कशाशी ताडून पाहायची ते कळेल.